अंगठ्याखालचा आकडा

भुवनेश्वरीचं उत्तर कधी चुकत नसे, आणि वेळेत कधी येत नसे. चन्नवीर सरांच्या क्लासमध्ये तिला नोकरीला लागून महिना झाला होता, आणि त्या महिन्यात या दोन्ही गोष्टी सगळ्यांना पाठ झाल्या होत्या.

क्लास सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ, एका चपलांच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. खाली सेलचे बोर्ड, वर इंजिनिअरिंगच्या पोरांची गर्दी. वर्ग दोन, आणि त्यांच्यामधल्या चिंचोळ्या खोलीत डाऊटचं टेबल. पोरं आपापल्या घरून, होस्टेलवरून, कॉलेजच्या जिन्यावरून अडलेल्या गणिताचा फोटो काढून पाठवायची आणि या टेबलावर बसलेल्या दोघांनी तो सोडवून द्यायचा. दहा मिनिटांत. फोटो आला की स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ सुरू, दहा मिनिटं झाली की फोटोची चौकट लाल, आणि त्या लाल चौकटीची बातमी थेट सरांच्या मोबाइलवर. ही योजना खुद्द सरांच्या डोक्यातून निघालेली. त्यांना तिचा इतका अभिमान की बाहेरच्या फ्लेक्सवर त्यांच्या स्वतःच्या फोटोपेक्षा "दहा मिनिटांत उत्तर" ही अक्षरं मोठी होती.

भुवनेश्वरीच्या नावावर महिन्याभरात नऊ लाल चौकटी जमल्या होत्या. ती मैंदर्गीची. एम.एस्सी. झालेली, गणितात विद्यापीठात वरचा नंबर. गावी अप्पांचं भांड्यांचं दुकान. अप्पांनी तिला सोलापुरात मावशीकडे राहायला एकच महिना दिला होता; नोकरी पक्की झाली तर राहा, नाही तर घरी ये, असं साधं, न भांडता सांगितलेलं. घरी तिला कुणी त्रास देणार नव्हतं. फक्त तिथं गणित नव्हतं. पातेल्यांच्या उतरंडीमागे बसून आयुष्यभर गिऱ्हाईकाला झाकणं जुळवून द्यायची, या कल्पनेनं तिला रात्री दरदरून घाम फुटे.

आणि आज महिन्याचा शेवटचा दिवस, शनिवार. सकाळीच सर दारात उभे राहून म्हणाले होते, "हे बघा भुवनेश्वरी, तुमचं ज्ञान मोठं आहे, मान्य. पण आज आणखी एक लाल दिसलं, तर सोमवारी येऊ नका. मला वाईट वाटेल, पण येऊ नका."

तिचा वेळ कुठं जायचा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती सगळं मोडून करायची. विशेषतः निश्चयक. पोरांच्या भाषेत डिटरमिनंट: चौकोनात मांडलेले आकडे, आणि त्या सगळ्या चौकोनाची मिळून निघणारी एकच किंमत. तीन बाय तीनचा असला तर ती किंमत काढणं हातचा मळ. पण चार बाय चारचा मोडला की तीनचे चार निघतात, पाचाचा मोडला की चारचे पाच, म्हणजे तीनचे वीस. भुवनेश्वरी ते वीसच्या वीस मोडायची. ओळींचे गुणधर्म वापरून हे झटक्यात करता येतं, हे तिला काय ठाऊक नव्हतं? परीक्षेत तिनं त्यांच्या सिद्धता लिहिल्या होत्या, पैकीच्या पैकी गुणही घेतले होते. पण बारावीत एकदा ओळींची अदलाबदल करताना चिन्ह बदलायचं राहिलं, उत्तर उलटं आलं, आणि तेव्हापासून तिचा त्या वाटेवरचा विश्वास उडाला तो उडालाच. ओठातल्या ओठात वंदू, एरडू, मूरू असं कानडीत मोजत ती सगळ्या पदांची लांबलचक माळ लिहायची. पाच बाय पाचला बावीस मिनिटं लागायची. उत्तर मात्र बरोबर.

दुपारी सव्वादोनला तिच्या स्क्रीनवर फोटो आला. पाठवणारी विजयमाला, पहिल्या वर्षाची. फोटो तिरका, कागद चुरगळलेला, आणि त्यावर पाच बाय पाचचा निश्चयक.

"आला का तुमचा नेहमीचा पाहुणा," शेजारच्या खुर्चीतून डोकावत अनिलकुमार म्हणाला. हा अनिलकुमार डाऊट टेबलावरचा जुना खेळाडू. गणित बरं, चलाखी त्याहून बरी. तीन वर्षांत त्याच्या नावावर एकही लाल चौकट नव्हती.

भुवनेश्वरीनं आकडे कागदावर उतरवायला घेतले. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ उतरवताना हात थांबला. चौथ्या घरात आकडा नव्हता, अंगठा होता. फोटो काढताना कागद धरलेला अंगठा, नखाला अर्धवट उडालेली मेंदी, आणि त्याच्याखाली तो आकडा गडप.

"फोटो पुन्हा मागवा की," अनिलकुमार म्हणाला. "घड्याळ थांबतंय."

नियम तसाच होता. "फोटो अस्पष्ट, पुन्हा पाठवा" हे बटण दाबलं की घड्याळ थांबे आणि पोरानं उत्तर दिलं की पुढे सुरू होई. अनिलकुमारच्या स्वच्छ कारकिर्दीचं रहस्य ते हेच. त्याला चांगले लख्ख फोटोसुद्धा अस्पष्ट दिसत. भुवनेश्वरीनं बटण दाबलं. घड्याळ आठ मिनिटांवर थांबलं.

पाच मिनिटांनी फोटो आला नाही, आवाज आला. मागे एसटी स्टँडवरची घोषणा कर्कश वाजत होती.

"मॅडम, कागद माझा न्हाय ओ. मैत्रिणीचा व्हता, ती गेली की माढ्याच्या गाडीनं. तिचा फोन लागंना झालाय. मला तेवढा आकडा आठवत बी न्हाय. चार वाजता टेस्ट हाय मॅडम, आन् असलंच गणित येणार म्हनून कॉलेजातल्या सरांनी सांगिटलंय. मागच्या टेस्टलाबी मी यातच गेले. कसं करायचं तेवढं सांगा की."

आवाज संपला आणि घड्याळ पुन्हा चालू लागलं. सात एकोणसाठ. सात अठ्ठावन्न.

"दाबा पुन्हा बटण," अनिलकुमार हळूच म्हणाला. "ती काय पाठवणार नाही. संध्याकाळी आपोआप बंद होतंय ते. तुमच्या नावावर काय येत नाही, मॅडम. सोमवारी आरामात या."

इतकी सोपी गोष्ट. एक बटण, आणि नोकरी पक्की. भुवनेश्वरीचं बोट तिथपर्यंत गेलंही, हे लपवण्यात अर्थ नाही. पण कानात ते "कसं करायचं तेवढं सांगा की" घुमत होतं. पोरीनं उत्तर मागितलंच नव्हतं. तिला वाट हवी होती. भुवनेश्वरीनं बोट मागे घेतलं आणि कागद पुढ्यात ओढला.

२ १ ३ ५ ४
४ २ ७ ▢ ८
३ ४ ५ २ ६
५ ५ १ ८ ९
४ ७ ७ २ ८

मोडायला सुरुवात करावी तर कशी? आकडाच नाही. तिचा महिनाभराचा, खरं तर सहा वर्षांचा एकुलता एक रस्ता अंगठ्यानं अडवला होता. करण्यासारखं काही नव्हतं म्हणून ती नुसती बघत बसली. निश्चयकाकडे असं नुसतं बघण्याची तिच्यावर याआधी कधी वेळच आली नव्हती. समोर आला की ती तुटून पडायची.

बघता बघता तिला पहिली आणि पाचवी ओळ दिसली. दोन आणि चार, सहा. एक आणि सात, आठ. तीन आणि सात, दहा. शेवटी चार आणि आठ, बारा. सहा, आठ, दहा, बारा. आणि मधे तिसरी ओळ: तीन, चार, पाच, सहा. बरोब्बर दुप्पट!

पहिली अधिक पाचवी म्हणजे तिसरीची दुप्पट. म्हणजे पाचव्या ओळीत पहिली मिळवून तिसरीची दुप्पट वजा केली, तर तिथं सगळी शून्यं. असं केल्यानं किंमत बदलत नाही, आणि एक ओळ सगळी शून्यांची झाली की सगळा निश्चयकच शून्य. अंगठ्याखाली काहीही असो! तिनं लगबगीनं उत्तराच्या जागी शून्य टंकलं. घड्याळात साडेपाच मिनिटं होती. बोट पाठवण्याच्या खुणेवर टेकलं, आणि जन्माची सवय आडवी आली. तपासल्याशिवाय तिनं आजवर काहीच पाठवलं नव्हतं.

चौथा स्तंभ तिनं धरलाच नव्हता. अंगठा होता ना त्या स्तंभात. डोळ्यांनी तो सगळाच गाळून टाकला होता. पाच आणि दोन, सात. तिसऱ्या ओळीतल्या दोनाची दुप्पट चार. सात वजा चार, तीन.

शून्य नव्हतं. नवी पाचवी ओळ होती ० ० ० ३ ०.

"मेले," ती पुटपुटली. एका क्षणापूर्वी तिनं चुकीचं उत्तर जवळजवळ पाठवलंच होतं. तिनं शून्य खोडलं आणि त्या ओळीकडे बघत राहिली. चार शून्यं आणि एक तीन. अशी ओळ मिळाली की त्या ओळीनंच मोडायचं. चार शून्यांचं काम नाही, उरला तो एक तीन. त्याची ओळ खोडायची आणि त्याचा स्तंभ खोडायचा. तिनं पेन्सिलीनं पाचवी ओळ आडवी खोडली. मग तीनच्या स्तंभावर, म्हणजे चौथ्या स्तंभावर, वरून खाली रेघ ओढली.

ती रेघ त्या रिकाम्या चौकोनातून गेली.

भुवनेश्वरीचा हात तिथंच थांबला. आकडा गेला. माहीत नसलेला, कधी माहीत होणारही नसलेला आकडा त्या स्तंभाबरोबर गणितातून निघून गेला, आणि गणित जिथल्या तिथं उभं. अंगठ्याखाली सात असो, सातशे असो, की मैंदर्गीच्या साऱ्या भांड्यांची संख्या असो, या चौकोनाला त्याची पर्वाच नव्हती. तिला एकदम देवळात गेल्यासारखं वाटलं, आणि खोलीत चपलांच्या दुकानातला रबराचा वास आहे हेही ती विसरली.

"मॅडम, चार मिनिटं," अनिलकुमार म्हणाला.

ती भानावर आली. तीन पाचव्या ओळीत, चौथ्या स्तंभात. पाच आणि चार नऊ, विषम, म्हणजे चिन्ह वजा. वजा तीन बाहेर. उरला चार बाय चार. त्यात दुसरी ओळ चार, दोन, सात, आठ. पहिली दोन, एक, तीन, चार. दुसरीतून पहिलीची दुप्पट काढली: शून्य, शून्य, एक, शून्य. पुन्हा तेच! दुसरी ओळ, तिसरं घर, बेरीज पाच, चिन्ह वजा. वजा एक बाहेर. तिनं दोन रेघा ओढल्या. उरला तीन बाय तीन: दोन एक चार, तीन चार सहा, पाच पाच नऊ. शेवटच्या ओळीतून वरच्या दोन्ही वजा: शून्य, शून्य, वजा एक. या घराचं चिन्ह अधिक. वजा एक बाहेर, आत दोन चोक आठ वजा एक त्रिक तीन, पाच.

वजा तीन, वजा एक, वजा एक आणि पाच. गुणाकार वजा पंधरा.

सगळं मिळून सहा रेघा. तिनं कागदाचा फोटो काढला, खाली लिहिलं: "आकडा लागत नाही. आधी ओळी बघ, मग हात लाव. प्रत्येक पायरीला चिन्ह तपास." आणि पाठवून दिलं. घड्याळात एक मिनिट दहा सेकंद उरले होते.

अनिलकुमार तिच्याकडे बघतच राहिला. "आकडा नसताना उत्तर? मॅडम, सरांना कळलं तर…"

सरांना कळलंच. अस्पष्ट म्हणून नोंदलेल्या फोटोला नवीन फोटो न येताच उत्तर गेलं की सरांच्या मोबाइलवर ते दिसे. ही दुसरी योजनाही त्यांचीच. दोन मिनिटांत ते वर्ग सोडून आले. बोटांना खडू, चेहरा लाल.

"हे काय आहे? आकडा दिसत नाही आणि उत्तर दिलंत? अंदाजपंचे? उशीर मी महिनाभर सोसला, कारण तुमचं उत्तर बरोबर असतं. आणि आज नोकरी वाचवायला ठोकून दिलंत?"

"ठोकलं नाही, सर. तो आकडा लागतच नाही."

"लागत नाही?" सरांचा आवाज चढला. बावीस वर्षं त्यांनी हा धडा शिकवला होता. "पंचवीस आकड्यांपैकी एक लागत नाही? पूर्ण मोडला तर एकशे वीस पदं येतात, आणि त्यातल्या चोवीस पदांत तो आकडा असतो. चोवीस! ती काय वाऱ्यावर सोडायची?"

खरं तर हा प्रश्न भुवनेश्वरीचाच होता. कालपर्यंत तिनंही असंच विचारलं असतं. तिनं नुसता कागद पुढे केला. सरांनी तो पाहिलाही नाही. भिंतीवरच्या छोट्या फळ्यावर त्यांनी पाचही ओळी लिहिल्या, अंगठ्याच्या जागी क्ष लिहिला आणि म्हणाले, "क्षला कशानं गुणलं जातं ते मी काढतो. मोडून. तुमच्याच पद्धतीनं."

त्यांनी क्षची ओळ आणि स्तंभ झाकला. उरलेला चार बाय चार भराभरा मोडला; हात तयार होता माणसाचा. तीन बाय तीनचे चार तुकडे, एकेकाची किंमत: त्रेसष्ट, एक, पाच, पस्तीस. मग पहिल्या ओळीनं गुणून मांडणी. दोन गुणिले त्रेसष्ट, एकशे सव्वीस. वजा एक. अधिक पंधरा. वजा एकशे चाळीस.

खडू फळ्यावर टेकलेला राहिला. एकशे सव्वीसातून एक गेला, एकशे पंचवीस. पंधरा मिळवले, एकशे चाळीस. एकशे चाळीसातून एकशे चाळीस गेले.

क्षला गुणणारं होतं शून्य. अनिलकुमारनं तेवढ्यात मोबाइलवर निश्चयक काढणारं कॅल्क्युलेटर उघडलं होतं. त्यानं क्षच्या जागी नऊ घातला आणि म्हणाला, "वजा पंधरा." मग हजार घातला. "वजा पंधरा." मग, खोडी म्हणून, आपल्या मोबाइल नंबरचे दहाही आकडे घातले. त्याचा आवाज खाली आला. "ओ सर. वजा पंधरा. लई भारी ओ हे."

सरांनी आता कागद हातात घेतला. त्या सहा रेघांवरून त्यांचं बोट हळूहळू फिरलं. चौथ्या स्तंभावरच्या रेघेवर ते थांबलं, रिकाम्या चौकोनावर. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. राग कुठल्या कुठे पळाला होता. चेहऱ्यावर लहान मुलाचा अचंबा होता, आणि तो लपवण्याची शुद्धही त्यांना नव्हती.

"चोवीस पदं," ते म्हणाले. "चोवीसच्या चोवीस आपापसात कापली जातात. मोडत बसलो असतो तर ही कापाकापी आपल्याला दिसलीही नसती, नाही का हो?"

"नसती, सर," भुवनेश्वरी म्हणाली. "मी आजवर इतके मोडले. त्यांच्या आत असं काही होतं की नाही, मी कधी बघितलंच नाही."

"मी बावीस वर्षं शिकवतोय," सर म्हणाले. "गुणधर्म एक, गुणधर्म दोन, गुणधर्म तीन. पोरांकडून घोकून घेतले. चार मार्कांचे असतात म्हणून." ते थोडं हसले. हसणं नीट जमलं नाही.

स्क्रीनवर विजयमालाचा आवाज आला. या वेळी मागे घोषणा नव्हती. ती कुठंतरी कोपऱ्यात बसली असावी. "मॅडम, कळलं! पुस्तकातली दुसरी दोन करून बघितली मी. एकाचं उत्तर तर दोन ओळीतच आलं. आकडे लई सरळ हायेत ओ मॅडम, उगंच भ्यायले व्हते मी." आणि मग, जरा थांबून, "आता जाते. टेस्टला."

अनिलकुमारनं आपल्या स्क्रीनकडे पाहिलं. तिथं त्यानं अस्पष्ट ठरवलेले सात फोटो थांबलेले होते. त्यानं गुपचूप पहिला उघडला.

सर उठले. कागदाची घडी घालून त्यांनी खिशात ठेवली, विचारलंही नाही. दारापर्यंत गेले आणि थांबले. भुवनेश्वरीला वाटलं, आता नऊ लाल चौकटींचं काय ते निघणार. महिना संपलाच होता, आणि एका चांगल्या उत्तरानं नऊ उशीर पुसले जातात असा काही नियम नव्हता. तिनं मनात मैंदर्गीच्या गाडीची वेळही आठवून ठेवली.

"सोमवारी सकाळी नऊला मोठ्या वर्गात निश्चयक सुरू होतोय," सर म्हणाले. "तो तुम्ही शिकवा. घड्याळ लावायचं नाही. नव्वद पोरं असतात, आवाज मोठा ठेवा."

"आणि तुम्ही, सर?"

"मी मागच्या बाकावर बसेन," चन्नवीर सर म्हणाले. "वही घेऊन."